दही, गुलाबी कप आणि लस्सी: पाकिटावरची साखर वाचण्याच्या नोंदी

३ मार्च

निलंगा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता आठवी. दुसऱ्या सत्राचा प्रकल्प ठरवायचा होता. विषय शोधायची गरज पडली नाही, मधल्या सुट्टीतलं भांडणच वर्गात आलं. एक जण म्हणत होता, लस्सी म्हणजे पातळ केलेलं दहीच, ती प्यायली तर काय बिघडतं. दुकानवाल्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, नुसत्या दह्याच्या पिशवीवर पण साखर लिहिलेली असते. मी वाचलंय." सगळा वर्ग हसला. दह्यात कोण साखर घालतंय?

तिचं खरं होतं. पण का खरं होतं हे तिलाही सांगता येईना. प्रकल्प तिथेच ठरला: साधं दही, फळाच्या चवीचं योगर्ट आणि गोड लस्सी, तिघांच्या पाकिटावरची साखर शेजारी शेजारी मांडायची. चव, किंमत, कंपनी यातलं काहीच बघायचं नाही. गटात तिघं: दुकानवाल्याची मुलगी, तिची मैत्रीण आणि तो लस्सीवाला.

६ मार्च

पाकिटं जमवायला पैसे लागले नाहीत. रमजान चालू आहे, संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला लस्सी भरपूर खपते. मुलीच्या दुकानासमोरच्या डब्यात रिकामी पाकिटं पडलेली असतात. एका दिवसात अकरा मिळाली. त्यातली बरीच एकाच प्रकारची निघाली, म्हणून शेवटी चारच ठेवली.

कंपन्यांची नावं तक्त्यात घ्यायची नाहीत असं ठरवलं, नाहीतर वर्गात लगेच दोन पक्ष पडतात. म्हणून टोपणनावं: पांढरी पिशवी (साधं दही, ४०० ग्रॅम), गुलाबी कप (स्ट्रॉबेरी योगर्ट, ८० ग्रॅम), निळं पाकीट (गोड लस्सी, २०० मि.लि.) आणि जवळच्या एका छोट्या डेअरीची लस्सीची पिशवी (१८० मि.लि.).

८ मार्च

पाकिटं धुवून ठेवा असं सांगायचं माझ्याकडून राहिलं. आज कपाट उघडलं तर मुंग्यांची रांग. लस्सीवाल्याने त्यातही प्रयोग शोधला: "मॅडम, निळ्या पाकिटाला जास्त मुंग्या, म्हणजे साखर जास्त." निळ्या पाकिटात घोटभर लस्सी तशीच राहिली होती आणि दह्याची पिशवी कोरडी पडली होती, हे त्याला दाखवलं. मुंगीचा आकडा नोंदीत घेतला नाही.

१० मार्च

पहिला तक्ता झाला आणि तो चुकला. मुलांनी प्रत्येक पाकिटावर "शुगर" शब्दाशेजारी जो पहिला आकडा दिसला तो उतरवला. त्यात गुलाबी कपाला १०.७ आणि निळ्या लस्सीला १३.२ आले, म्हणजे लस्सीत कपापेक्षा बरीच जास्त साखर आहे असं दिसलं.

पाकीट परत हातात घेतलं. कपावर दोन रकाने आहेत, एक १०० ग्रॅमचा आणि एक "पर सर्व्ह" म्हणजे एका वेळच्या खाण्याचा, ८० ग्रॅमचा. मुलांनी कपाचा दुसरा रकाना घेतला होता आणि लस्सीचा १०० मि.लि.चा. एक आकडा किलोचा, दुसरा पावशेराचा, आणि आपण भाव करायला बसलो. सगळे आकडे पुन्हा १०० च्या रकान्यातून घेतले. दही ग्रॅममध्ये आणि लस्सी मिलिलिटरमध्ये का, असं मैत्रिणीने विचारलं. १०० मि.लि. लस्सीचं वजन १०० ग्रॅमपेक्षा किंचित जास्त भरतं, आपल्या कामाला तो फरक सोडून दिला तरी चालतो.

नीट उतरवल्यावर १०० मागे एकूण साखर अशी आली: पांढरी पिशवी ४.३ ग्रॅम, गुलाबी कप १३.४, निळी लस्सी १३.२.

१२ मार्च

आज फक्त पांढऱ्या पिशवीवर थांबलो. घटकांच्या यादीत दूध आणि विरजण एवढंच. तरी एकूण साखर ४.३.

२०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर साखरेच्या दोन ओळी असतात. एक "टोटल शुगर्स", म्हणजे त्या पदार्थात असलेली सगळी साखर, कुठूनही आलेली. दुसरी "ॲडेड शुगर्स", म्हणजे कारखान्यात वरून घातलेली. पांढऱ्या पिशवीवर पहिली ओळ ४.३ आणि दुसरी शून्य. दुकानवाल्याच्या मुलीने पहिलीच ओळ वाचली होती.

ही ४.३ दुधातूनच येते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० ग्रॅमला साधारण पावणेपाच ग्रॅम. ती उसाच्या साखरेपेक्षा खूपच कमी गोड लागते, म्हणून दूध आपल्याला साखरेचं वाटत नाही. विरजण लावलं की त्यातले जिवाणू थोडी साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही आंबट होतं ते त्यामुळे.

लस्सीवाला म्हणाला, "मग दही लई आंबट झालं म्हणजे साखर संपली का?" हा प्रश्न मला आवडला. फळ्यावर हिशोब केला. एक ग्रॅम साखर गेली तर साधारण एक ग्रॅम आम्ल बनतं. खाण्याजोग्या दह्यात नवं आम्ल शंभर ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पावणेपाचातली पाऊणच गेली, चार उरली. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारपर्यंत दही तोंड वाकडं होईल इतकं आंबट होतं, तेव्हा आणखी थोडी जाते. पण आम्ल वाढलं की जिवाणू स्वतःच मंदावतात, त्यामुळे साखर पार संपत नाही. जिभेला गोड लागत नाही कारण आंबटपणा वर येतो.

पांढऱ्या पिशवीचा आकडा या हिशोबाच्या जवळ बसला. घरच्या दह्याला लेबल नसतं. त्याच्यापुढे पेन्सिलीने "४ च्या आसपास" लिहिलं.

१७ मार्च

होळी, धुळवड आणि रविवार यात चार दिवस गेले. आज शाळेत अर्धा वर्ग अजून रंगलेला.

आजचा प्रश्न: लस्सीतली वरून घातलेली साखर किती? मुलांनी सोपी वजाबाकी केली. एकूण १३.२, त्यातून दह्याची स्वतःची ४.३ वजा, उरली ८.९. मग लेबलची दुसरी ओळ वाचली. तिथे घातलेली साखर १०.५.

लस्सीवाल्याने कंपनीलाच चुकीचं ठरवलं. मैत्रीण मात्र गप्प बसून पाकीट फिरवत होती. मग म्हणाली, "पण मॅडम, लस्सीत पाणी असतंय की."

चूक तिथेच होती. १०० मि.लि. लस्सीत १०० ग्रॅम दही नसतं, दह्याबरोबर पाणी आणि साखरही असते. म्हणून दह्याची स्वतःची साखरही पूर्ण ४.३ नसणार, कमी असणार. आपण जास्त वजा केली, म्हणून घातलेली साखर कमी दिसली. ही वजाबाकी लस्सीची बाजू घेते. पाकिटात दही जितकं कमी, तितकी साखर कमी दिसते.

१८ मार्च

मग लस्सीत दही किती, हे लेबलवरून कळेल का? रात्री यावर विचार केला आणि उत्तर प्रथिनांच्या ओळीत सापडलं. साखर वरून घालतात, पाणी वरून घालतात, पण प्रथिनं त्या दह्यातूनच येतात. पाणी घातलं की प्रथिनं त्याच प्रमाणात कमी होतात.

पांढऱ्या पिशवीत १०० ग्रॅमला प्रथिनं ३.८. निळ्या लस्सीत २.१. म्हणजे लस्सीत दही साधारण ५५ टक्के. दह्याची साखर ४.३, तिचे ५५ टक्के म्हणजे २.४. आता वजाबाकी: १३.२ मधून २.४ गेले, उरले १०.८. लेबल म्हणतं १०.५. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या असत्या.

हाच हिशोब गुलाबी कपावर केला. प्रथिनं ३.४, म्हणजे दही जवळजवळ ९० टक्के आणि त्याची साखर ३.८. एकूण १३.४ मधून ती गेली की ९.६ उरतात. लेबलवर घातलेली साखर ९.०. उरलेला अर्धा-पाऊण ग्रॅम स्ट्रॉबेरीच्या गराचा असावा, घटकांच्या यादीत तो गर आहे.

या युक्तीची मर्यादा मुलांना आत्ताच सांगून ठेवली. घटकांत दुधाची भुकटी किंवा व्हे पावडर लिहिलेली असेल तर हा हिशोब बिघडतो. व्हे पावडर म्हणजे पनीर-चीज करताना निघालेल्या पाण्याची भुकटी. तिच्यात लॅक्टोज खूप आणि प्रथिनं मानाने कमी. तिथे दुधाची साखर जास्त असूनही आपला हिशोब ती घातलेल्या साखरेत धरेल. चक्का गाळून केलेल्या घट्ट योगर्टला हा हिशोब उलट बाजूने चुकतो. गाळताना पाण्याबरोबर लॅक्टोज निघून जातं, प्रथिनं मागे राहतात.

१९ मार्च

रंगपंचमी. काम नाही.

२० मार्च

आकडे झाले, पण "साडेदहा ग्रॅम" म्हणजे डोळ्यांसमोर काहीच येत नाही. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दुपारी अर्धा तास मिळाला. माझ्या घरचा चहाचा चमचा नेला. सपाट भरून दहा चमचे साखर, वजन ४२ ग्रॅम. शीग लावून दहा चमचे, ७१ ग्रॅम. एकेक चमचा मोजला असता तर काट्यात नीट दिसला नसता, म्हणून दहा-दहा मोजून भागिले.

सपाट चमचा सव्वाचार ग्रॅमला थोडा कमी, शिगेचा सात. एवढा फरक मलाही माहीत नव्हता. "एक चमचा साखर" असं आपण म्हणतो तेव्हा नेमका कोणता चमचा हे कुणी विचारत नाही.

मग प्रत्येक पाकिटाएवढी साखर कागदाच्या पुडीत बांधली. पुड्या शंभर ग्रॅमच्या नाही केल्या, पूर्ण पाकिटाच्या केल्या, कारण शंभर मि.लि. पिऊन पाकीट कोणी बाजूला ठेवत नाही. निळी लस्सी २०० मि.लि., घातलेली साखर २१ ग्रॅम, सपाट पाच चमचे. गुलाबी कप ८० ग्रॅमचा, घातलेली साखर ७.२ ग्रॅम, शिगेचा एक चमचा. शंभराच्या रकान्यात हे दोघं शेजारी होते, १०.५ आणि ९. पुड्या मात्र एक दुसरीच्या तिप्पट.

गुलाबी कपाची पुडी बघून मैत्रीण म्हणाली, "दहावीच्या पेपरला जाताना ताईच्या हातावर आई दही-साखर ठेवते, एवढीच साखर असते." खरंच तेवढीच.

दुकानवाले काका सगळं बघत होते. "काय मोजलालाव मॅडम, पोरांना लस्सी बंद करायलालाव का?" हसून म्हणाले, पण थोडं खरंही विचारत होते. बंद करायचं काही नाही, फक्त वाचायचंय, असं सांगितलं.

२१ मार्च

निळ्या पाकिटावर "सर्व्हिंग साइझ १०० मि.लि." आणि "पाकिटात सर्व्हिंग २" असं बारीक अक्षरात आहे. त्याच्याच शेजारी टक्के दिलेत: घातलेली साखर, दिवसाच्या मर्यादेच्या २१ टक्के. दुकानवाल्याच्या मुलीने हा २१ आणि पुडीतला २१ ग्रॅम एकच समजून लिहिला. आकडा योगायोगाने सारखा, अर्थ वेगळा. टक्के अर्ध्या पाकिटाचे आहेत. पूर्ण प्यायली तर ४२.

शंभर टक्के म्हणजे किती, तेही काढलं. लेबलवर घातलेल्या साखरेचा हिशोब ५० ग्रॅमला धरतात, दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यात वरून घातलेली आणि तत्सम साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी असं आहे. २००० चे १० टक्के २००, एका ग्रॅम साखरेला ४ किलोकॅलरी, म्हणजे तेच ५० ग्रॅम. त्याच सल्ल्यात ५ टक्क्यांखाली गेलात तर आणखी बरं, असंही आहे. ते झाले २५ ग्रॅम, म्हणजे निळं पाकीट आणि वर एक चमचा.

आठवीतल्या बारीक चणीच्या पोराला हे टक्के तसेच लागू होत नाहीत. तो दिवसाला कमी खात असेल तर त्याची मर्यादाही कमी. लेबल वयाप्रमाणे बदलत नाही.

२४ मार्च

उन्हामुळे शाळा सकाळची. शनिवारी तिघांना घरचं काम दिलं होतं: घरी लस्सी होते तेव्हा पेल्यात किती साखर पडते ते मोजून आणा. लस्सीवाल्याच्या घरी आजी रवीने घुसळते. त्याने आज घाबरत घाबरत आकडा सांगितला: पेला २०० मि.लि.चा आणि शिगेचे तीन चमचे. म्हणजे २१ ग्रॅम. निळ्या पाकिटाएवढीच.

वर्गात हशा. त्याला वाटलं आपल्या आजीची चूक निघाली. मला मात्र हा प्रकल्पातला सर्वात प्रामाणिक आकडा वाटला. पाकिटातली लस्सी जास्त गोड आणि घरची कमी, असं आम्ही मनात धरूनच चाललो होतो. लस्सीला लोक ज्या गोडीची सवय लावून घेतात, तेवढीच कारखानाही घालतो आणि आजीही. मैत्रिणीच्या घरी लस्सी होतच नाही, जेवणानंतर ताक असतं, मिठाचं. तिच्या पुडीत साखर शून्य. तिसरीच्या घरी दीड चमचा, सपाट.

घरची नोंद तक्त्यात वेगळ्या रंगाने घेतली, कारण ती मोजून आलेली आहे आणि पाकिटांची वाचून.

२६ मार्च

छोट्या डेअरीची पिशवी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्यावर साखरेच्या ओळीच नाहीत. ऊर्जा, प्रथिनं १.८, कर्बोदकं १४.२, स्निग्ध पदार्थ १.५, बस्स. शाई इतकी पसरलेली की प्रथिनं १.८ की १.६ यावर दहा मिनिटं गेली. दुसरी पिशवी आणून खात्री केली.

साखर कर्बोदकांतच मोडते. लस्सीत दुसरं कर्बोदक फारसं नसतं, त्यामुळे १४.२ मधलं जवळजवळ सगळं साखरच. गुलाबी कपात मात्र असं धरता येत नाही. तिथे कर्बोदकं १५.८ आणि एकूण साखर १३.४. मधले २.४ म्हणजे घट्टपणा यावा म्हणून घातलेला स्टार्च, घटकांत "मॉडिफाइड स्टार्च, आयएनएस १४४२" असं लिहिलंय, आणि पेक्टिन. निळ्या पाकिटात हा फरक ०.४ आहे, म्हणून लस्सीपुरतं आमचं धरणं चालतं. तो ०.४ बहुधा आंबटपणाचा, म्हणजे आम्लाचा आहे. कर्बोदकं सहसा बाकीचं सगळं वजा करून उरेल तेवढी धरतात, त्यात आम्लही बसतं.

मग प्रथिनांची युक्ती. १.८ ला ३.८ ने भागलं, दही साधारण ४७ टक्के, दह्याची साखर २. कर्बोदकं १४.२ मधून २ गेले, आम्लाचे म्हणून आणखी थोडे सोडले, घातलेली साखर १२ च्या आसपास. पूर्ण १८० मि.लि.च्या पिशवीत २१-२२ ग्रॅम. तक्त्यात या आकड्यापुढे "आम्ही काढलेला" असं लिहिलं. पाकिटावर छापलेल्या आकड्यांच्या रांगेत तो तसाच बसवला असता तर आमचं अनुमान डेअरीच्या नावावर गेलं असतं.

ही पिशवी निळ्या पाकिटापेक्षा वीस मि.लि. लहान आहे आणि साखर तेवढीच. दही मात्र कमी.

२८ मार्च

तक्ता व्हरांड्यात लावला, पुड्या खाली दोऱ्याने टांगल्या. मुंग्यांचा धडा लक्षात ठेवून यावेळी पुड्या प्लास्टिकमध्ये बांधल्या. मधल्या सुट्टीत चौथीची पोरं आली आणि वाचण्याऐवजी पुड्या हलवून बघू लागली. निळ्या पाकिटाखालची सगळ्यांत आधी तुटली.

दुपारी दुकानवाल्याची मुलगी वडिलांचा निरोप घेऊन आली. पाडव्याला लोक श्रीखंडाचे डबे नेतील, त्याचं लेबल वाचायचं का, असं त्यांनी विचारलंय. वाचा म्हटलं, पण चक्का गाळलेला असल्यामुळे प्रथिनांची युक्ती तिथे लावू नका, फक्त "ॲडेड शुगर्स"ची ओळ बघा.

तिच्या हातात दुकानातून आणलेलं मसाला ताकाचं पाकीटही होतं. तिनं आल्याआल्या घातलेल्या साखरेची ओळ दाखवली: शून्य. मैत्रीण खूश झाली, तिच्या घरचं ताक जिंकलं म्हणून. लस्सीवाल्याने पाकीट ओढून घेतलं आणि सवयीने शेवटपर्यंत वाचत गेला. अगदी खालच्या ओळीत सोडियम होतं, १०० मि.लि.ला १८० मिलिग्रॅम. पांढऱ्या पिशवीवरच्या दह्याच्या कितीतरी पट.

आमच्या तक्त्यात सोडियमचा रकानाच नाही.